कर्ज फिटलं, आता कागद परत घ्या: बँकेला द्यायचं पत्र, ओळीन् ओळ समजून



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बँकेला द्यायच्या एका पत्राबद्दल बोललो. स्क्रीनवर पत्र वाचून लिहून घेणं त्रासाचं होतं, म्हणून ते पूर्ण पत्र इथे देतोय. सोबत त्यातली प्रत्येक ओळ का आहे तेही सांगतो. कारण नुसतं पत्र कॉपी केलं आणि आपल्या केसमध्ये काय बदलायचं ते कळलं नाही, तर बँक ते पत्र घेईल, शिक्का मारेल आणि पुढे काहीच होणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा असतो की शेवटचा हप्ता गेला, ॲपमध्ये बाकी शून्य दिसली, म्हणजे कर्ज संपलं. पैशाच्या बाजूने ते जवळपास खरं आहे. पण बँकेच्या दप्तरात कर्ज संपणं म्हणजे तीन वेगवेगळी कामं असतात. पहिलं, कर्जखातं बंद होणं. दुसरं, तुमची मूळ कागदपत्रं तुमच्या हातात परत येणं. तिसरं, तुमच्या मालमत्तेवर बँकेच्या नावाचा जो बोजा नोंदवलेला आहे तो उतरणं. ही तिन्ही कामं बँकेत वेगवेगळी माणसं करतात. एक झालं म्हणून दुसरं आपोआप होतंच असं नाही. म्हणून पत्रात तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मागायच्या. "कर्ज फेडले आहे, तरी एनओसी मिळावी" अशा एका ओळीच्या अर्जावर बँक एका ओळीची एनओसी देते, आणि खरेदीखत लॉकरमध्येच राहतं.

आधी उदाहरण धरू

समजा, एक हार्डवेअरचं दुकान आहे. प्रोप्रायटरी फर्म. दुकानाचा गाळा नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे. २०१८ मध्ये त्यांनी गाळा गहाण ठेवून १५ लाखांचं टर्म लोन घेतलं. पुढे त्याच शाखेतून ५ लाखांची कॅश क्रेडिट लिमिट, म्हणजे आपली सीसी, घेतली. सीसीला तारण दुकानातला माल, आणि जोडीला तोच गाळा.

जून २०२५ मध्ये त्यांनी ठरवलं की दोन्ही फेडून टाकायचं आणि गाळ्याचे कागद घरी आणायचे. टर्म लोनसाठी बँकेकडून फोरक्लोजर लेटर घेतलं. त्यात रक्कम होती २,३८,४६० रुपये, आणि ती ११ जूनपर्यंतच लागू होती. सीसीमध्ये बाकी ३,००,००० रुपये. ११ जूनला त्यांनी दोन्ही रकमा भरल्या.

आता इथे नेहमी होणारी गडबड बघा. सीसीवरचं व्याज रोजच्या बाकीवर मोजलं जातं, पण खात्याला सहसा महिन्याच्या शेवटी लागतं. १ ते १० जून असे दहा दिवस ३ लाख बाकी होती. व्याजदर ११ टक्के धरला तर ३,००,००० चे वर्षाचे ३३,००० रुपये होतात. त्याला ३६५ ने भागून दहाने गुणा. ९०४ रुपये येतात. म्हणजे ११ जूनला खातं शून्य दिसेल आणि ३० जूनला त्यात पुन्हा ९०४ रुपये नावे पडतील. दुकानदाराला वाटतं कर्ज संपलं, त्यामुळे तो खातं उघडून बघतच नाही. लिमिट चालू असेल तर महिन्या-महिन्याला त्यावर व्याज चढत राहतं. पुढे नूतनीकरणाची फी लागते, स्टॉकच्या विम्याचा हप्ता कापला जातो. बँकेने लिमिट बंद केली असेल तर तेच ९०४ रुपये थकबाकी म्हणून दिसायला लागतात आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये उशिराचे दिवस मोजले जातात.

म्हणून सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट असेल तर नुसते पैसे भरू नका. शाखेत सांगा की "आजपर्यंतचं व्याज आजच लावा, एकूण किती होतात ते सांगा, मी तेवढे भरतो आणि लिमिट रद्द करण्याचा अर्ज देतो." आपल्या उदाहरणातल्या दुकानदाराने तेच केलं असं धरू. त्याने ३,००,००० ऐवजी ३,००,९०४ रुपये भरले. आता दोन्ही खाती खऱ्या अर्थाने निरंक झाली, आणि पत्र लिहायची वेळ आली.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. त्याने फक्त टर्म लोन फेडलं असतं आणि सीसी चालू ठेवली असती, तर गाळ्याचे कागद परत मिळाले नसते. कारण तोच गाळा सीसीलाही तारण आहे. यात बँक चूक करत नाही. पत्र लिहिण्याआधी सॅन्क्शन लेटर काढा आणि "तारण" किंवा "सिक्युरिटी" या मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाचा. तुमची मालमत्ता भावाच्या किंवा मित्राच्या कर्जालाही जोडलेली असू शकते. ते आधी सोडवावं लागतं.

पत्राचा जीव कागदांच्या यादीत आहे

बहुतेक पत्रांत लिहिलेलं असतं, "माझी सर्व मूळ कागदपत्रे परत द्यावीत." सर्व म्हणजे किती? बँकेने सातपैकी पाच कागद दिले आणि तुम्ही "मिळाले" म्हणून सही केली, तर उरलेले दोन बँकेकडे होते हे तुम्ही कसं सिद्ध करणार? म्हणून यादी तुम्ही द्यायची, आणि तीसुद्धा बँकेच्याच जुन्या कागदावरून.

गाळा किंवा घर गहाण ठेवताना आपण मूळ कागद बँकेत जमा करतो, तेव्हा बँक त्यांची नोंद करते. कोणत्या तारखेला, कोणी, कोणते कागद जमा केले, असं त्यात लिहिलेलं असतं. काही बँका ग्राहकाला तेव्हाच पोच देतात, काही ठिकाणी ती यादी वकिलाच्या सर्च रिपोर्टच्या मागे जोडलेली असते. कर्जाची जुनी फाईल उघडा, त्यात यापैकी काहीतरी सापडेल. काहीच नसेल तर आधी एक छोटा अर्ज देऊन बँकेकडे जमा कागदांची यादी मागा, आणि मगच मोठं पत्र लिहा.

यादीत प्रत्येक कागदाचं नाव, दस्त क्रमांक, तारीख, आणि मूळ की प्रत हे लिहा. जमलं तर पानांची संख्याही लिहा. नोंदणीकृत खरेदीखत, नोंदणी फीची मूळ पावती, इंडेक्स दोन हे बहुतेकांना आठवतं. विसरतात ते पुढचे. आधीच्या मालकाचं खरेदीखत, ज्यावरून तुमचा हक्क साखळीने सिद्ध होतो. सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट. विमा पॉलिसी. आणि सगळ्यात महत्त्वाचे, कर्ज घेताना सही करून दिलेले कोरे चेक. हे चेक यादीत हवेतच. नंबर माहीत असतील तर नंबरासकट.

आता पूर्ण पत्र

खालच्या पत्रात आपल्या उदाहरणातले आकडे घातले आहेत. मोकळ्या जागी तुमची माहिती भरा.

> दिनांक : १२ जून २०२५
>
> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> ________ बँक, ________ शाखा
>
> विषय : कर्जखाती पूर्ण फेडून बंद झाल्याचे लेखी प्रमाणपत्र, मूळ कागदपत्रे परत मिळणे व मालमत्तेवरील बोजा कमी करणे याबाबत.
>
> संदर्भ : १) टर्म लोन खाते क्र. ________
> २) कॅश क्रेडिट खाते क्र. ________
> ३) आपले फोरक्लोजर पत्र दि. ________
>
> महोदय,
>
> वरील दोन्ही खाती आमच्या ________ या फर्मच्या नावे आपल्या शाखेत होती. दोन्ही खात्यांस ________ येथील गाळा क्र. ____ तारण आहे. सदर गाळा आम्हा दोघांच्या संयुक्त मालकीचा आहे.
>
> दि. ११ जून २०२५ रोजी टर्म लोन खात्यात रु. २,३८,४६० (व्यवहार क्र. ________) आणि कॅश क्रेडिट खात्यात त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह रु. ३,००,९०४ (व्यवहार क्र. ________) भरून आम्ही दोन्ही खात्यांची संपूर्ण परतफेड केली आहे. कॅश क्रेडिट लिमिट रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी दिला असून त्याची पोच सोबत जोडली आहे.
>
> तरी आमची पुढीलप्रमाणे विनंती आहे.
>
> १. दोन्ही कर्जखाती संपूर्ण परतफेड होऊन बंद झाली आहेत व आमच्याकडून कोणतीही रक्कम येणे नाही, असे खाते क्रमांक व बंद झाल्याची तारीख नमूद करून बँकेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र द्यावे. दोन्ही खात्यांचे शेवटपर्यंतचे उतारे सोबत द्यावेत.
>
> २. सोबतच्या यादीतील सर्व मूळ कागदपत्रे व कोरे चेक आम्हास परत करावेत. ते कोणत्या दिवशी व कोणत्या कार्यालयातून मिळतील हे लेखी कळवावे.
>
> ३. सदर गाळ्यावर आपल्या बँकेच्या नावे केलेल्या सर्व नोंदी (सेरसाईसह) कमी करून तसे कळवावे. तसेच सोसायटी व इतर कार्यालयांतील बोजाची नोंद कमी करण्यास आपली हरकत नसल्याचे पत्र द्यावे.
>
> ४. क्रेडिट माहिती कंपन्यांकडे दोन्ही खाती "बंद" अशी कळवावीत.
>
> आमच्याकडून अन्य काही येणे असल्यामुळे कागदपत्रे परत करता येत नाहीत असे आपले म्हणणे असल्यास, ती रक्कम, तिचा तपशील आणि ज्या कराराच्या आधारे कागदपत्रे रोखली आहेत तो करार, हे लेखी कळवावे ही विनंती.
>
> आपले विश्वासू,
>
> (फर्मचा शिक्का व प्रोप्रायटरची सही)
> (गाळ्याच्या दोन्ही मालकांच्या सह्या, मोबाईल क्रमांक, ईमेल)
>
> सोबत : कागदपत्रांची यादी, भरणा पावत्या, फोरक्लोजर पत्राची प्रत, लिमिट रद्द करण्याच्या अर्जाची पोच, दोन्ही मालकांच्या ओळखपत्रांच्या प्रती.

यातल्या काही ओळींबद्दल

"संपूर्ण परतफेड होऊन बंद" हे शब्द मुद्दाम आहेत. बँकेने पत्रात किंवा क्रेडिट रिपोर्टमध्ये "सेटल्ड" लिहिलं, तर त्याचा अर्थ बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली असा होतो. पुढच्या वेळी कर्ज मागायला गेलात की नवीन बँक त्यावर बोट ठेवणार. तुम्ही पूर्ण पैसे भरलेत, तर "सेटल्ड" हा शब्द मान्य करू नका. सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये या प्रमाणपत्राला बेबाकी दाखला म्हणतात. नाव काहीही असो, त्यात खाते क्रमांक आणि बंद झाल्याची तारीख पाहिजे. तारीख नसलेला दाखला म्हणजे त्या दिवशी बाकी नव्हती एवढंच.

दोन्ही मालकांच्या सह्या का? कर्ज फर्मच्या नावावर असलं तरी कागद मालमत्तेच्या मालकाचे आहेत. एकच मालक गेला तर बँक दुसऱ्याचं अधिकारपत्र मागते आणि एक चक्कर वाया जाते. गाळा वडिलांच्या नावावर असेल तर सही वडिलांची. कर्ज चालू असताना मालक वारले असतील तर वारसांना वारसाचे कागद द्यावे लागतात. त्यासाठी बँकेची ठरलेली पद्धत असते, ती आधी विचारून घ्या.

"कोणत्या कार्यालयातून मिळतील" हे विचारायचं कारण असं, की बऱ्याच मोठ्या बँकांचे मूळ कागद शाखेत नसतातच. ते दुसऱ्या शहरातल्या केंद्रीय साठवणीत असतात. शाखेतला माणूस "मागवलेत" म्हणतो ते बऱ्याचदा खरं असतं. पण मागवल्याची तारीख लेखी नसली, तर ते कधी मागवले हे कोणालाच सांगता येत नाही.

तीस दिवस आणि पाच हजार रुपये: हा नियम कोणाला लागू?

हा भाग नीट वाचा, कारण यावर सगळ्यात जास्त अर्धवट माहिती फिरते.

१३ सप्टेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने सगळी मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेले बोजे काढायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले किंवा खराब झाले तर नकला मिळवायला बँकेने मदत करायची आणि त्याचा खर्चही तिनेच सोसायचा. त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे अशा केसमध्ये भरपाई ६० दिवसांनंतर मोजायची. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत द्यायचे झाले त्यांना हे लागू झालं. व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका, जिल्हा बँका, एनबीएफसी, हाउसिंग फायनान्स कंपन्या, सगळे यात आहेत.

पण त्या परिपत्रकाच्या शीर्षकातच "वैयक्तिक कर्ज" असं आहे. म्हणजे व्यक्तीने घेतलेलं घरकर्ज, शिक्षण कर्ज, ग्राहक कर्ज वगैरे. धंद्यासाठीचं टर्म लोन आणि सीसी त्यात बसत नाही. त्यामुळे आपल्या हार्डवेअरवाल्याने पत्रात "दररोज ५,००० द्या" लिहिलं, तर बँकेचा अधिकारी एका वाक्यात ते उडवून लावेल, आणि तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचंही वजन कमी होईल.

मग धंद्याच्या कर्जाला काहीच आधार नाही का? आहे. रिझर्व्ह बँकेने ५ मे २००३ ला कर्ज देणाऱ्यांसाठी न्याय्य व्यवहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात म्हटलंय की कर्ज फिटल्यावर सगळी तारणं सोडायची. बँकेचं तुमच्याकडून दुसरं काही येणं असेल आणि त्यासाठी तारण अडकवायचं असेल, तर तशी नोटीस द्यायची. त्या नोटिशीत किती येणं आहे आणि कोणत्या कागदाच्या आधारे तारण ठेवलंय हे पूर्ण तपशिलासकट सांगायचं. एनबीएफसींच्या न्याय्य व्यवहार संहितेतही असाच मुद्दा आहे. आपल्या पत्रातला शेवटचा परिच्छेद तिथून आलाय. त्यात धमकी नाही. पण बँकेला आता एकतर कागद द्यावे लागतात, नाहीतर न देण्याचं कारण लिहून द्यावं लागतं. "साहेब रजेवर आहेत" हे कोणी लेटरहेडवर लिहून देत नाही.

तुमचं कर्ज घरकर्ज असेल, तर शेवटच्या परिच्छेदाआधी एक वाक्य जोडा: "रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार परतफेडीपासून ३० दिवसांत, म्हणजे दि. ________ पर्यंत, ही कार्यवाही पूर्ण व्हावी." तारीख तुम्ही मोजून लिहा.

पत्र कसं द्यायचं

दोन प्रती काढा. एक बँकेला, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर थांबा, शिक्का घ्या. तुमचे दिवस त्या शिक्क्यापासून मोजायला सोपे जातात. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने, पोच मागवून पाठवा. त्याच दिवशी तेच पत्र शाखेच्या ईमेलवरही पाठवा, सोबत शिक्का मारलेल्या पानाचा फोटो जोडा.

कागद हातात घेताना

बोलावणं आलं की घाईघाईत जाऊ नका, अर्धा तास काढून जा. यादी बरोबर ठेवा आणि एकेक कागद यादीशी ताडून बघा. खरेदीखत मूळ आहे की रंगीत झेरॉक्स, हे नोंदणी कार्यालयाच्या शिक्क्यांवरून आणि सह्यांच्या शाईवरून बऱ्यापैकी कळतं. पानं मोजा, मधलं पान गायब असणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. चेक घेतले की तिथेच रद्द करा.

बँक तुमच्यासमोर एक छापील पोच ठेवेल, "सर्व कागदपत्रे मिळाली." सगळं मिळालं असेल तर सही करा. एखादा कागद कमी असेल तर त्या पोचवरच हाताने लिहा, "यादीतील क्र. ४ मिळाले नाही," आणि मग सही करा. त्या पानाचा फोटो घ्या. कागद हरवलाय असं बँक म्हणाली तर ते लेखी मागा. नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. पण मूळ दस्त कुठे गेला, हे पुढचा खरेदीदार आणि पुढची बँक विचारणारच. तेव्हा "आमच्या ताब्यात असताना गहाळ झाला" हे बँकेचं पत्र तुम्हाला लागेल.

कागद घरी आले तरी काम थोडं बाकी असतं

सेरसाई ही देशभरातल्या गहाण मालमत्तांची नोंदणी आहे. तिथली नोंद बँकेनेच कमी करायची असते, तुम्हाला करता येत नाही. पण झाली की नाही हे तिच्या वेबसाइटवर थोडी फी भरून तपासता येतं.

बाकीच्या नोंदी मात्र तुम्हालाच फिरून कमी कराव्या लागतात. गाळा सोसायटीत असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्राची प्रत सोसायटीला द्या आणि त्यांच्या रजिस्टरमधला बोजा काढून घ्या. जमीन असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचं नाव असतं. बोजा कमी करण्यासाठी तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करायचा, बँकेचं पत्र जोडायचं आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून बघायचा. मिळकत पत्रिकेवर बोजा असेल तर नगर भूमापन कार्यालय. गहाणखत स्वतंत्र दस्त म्हणून नोंदवलेलं असेल तर सुटकेचा दस्तही नोंदवून घ्यावा लागतो. आणि तुमची फर्म प्रोप्रायटरी नसून प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी निबंधकाकडेही बोजा फिटल्याचा फॉर्म जातो. ते तुमच्या सीएला सांगा.

दुकानाचा विमा बघायला विसरू नका. कर्ज असताना पॉलिसीवर बँकेचं नाव घातलेलं असतं, म्हणजे क्लेमचा चेक आधी बँकेकडे जातो. बेबाकी दाखल्याची प्रत विमा कंपनीला देऊन ते नाव काढून घ्या.

साधारण दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. दोन्ही खाती "क्लोज्ड" आणि बाकी शून्य दिसायला हवी. तसं नसेल तर बँकेकडे आणि त्या क्रेडिट कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केलेला आहे.

बँकेने उत्तरच दिलं नाही तर

आपल्या उदाहरणात शिक्का १२ जूनचा आहे. दहा-बारा दिवस वाट बघून त्याच पत्राचा संदर्भ देऊन एक आठवणपत्र द्या. बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर रीतसर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. तिथे जोडायला लागतात ते शिक्क्याचं पत्र, भरणा पावत्या आणि बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा. बँकेकडे आधी लेखी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलात तर तक्रार परत येते.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर हा रस्ता चालत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाही, ती सहकार खात्याकडे येते. तिथे तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात अर्ज द्या. पत्र मात्र वरचंच चालेल, फक्त त्यातला सेरसाईचा उल्लेख तुमच्या केसमध्ये लागू आहे का ते विचारून ठेवा.

शेवटी एक फाईल करा. त्यात शिक्का मारलेलं पत्र, बेबाकी दाखला, कागद मिळाल्याची पोच, बंद होईपर्यंतचा खाते उतारा आणि बोजा कमी झालेला सातबारा किंवा सोसायटीचं पत्र ठेवा. ही फाईल खरेदीखताबरोबरच राहू द्या. गाळा विकताना किंवा त्यावर पुन्हा कर्ज काढताना समोरचा वकील विचारतोच, "इथे पूर्वी बँकेचा बोजा होता, तो कधी उतरला?" तेव्हा हीच फाईल पुढे करायची.

पुढच्या व्हिडिओत फोरक्लोजर लेटर कसं वाचायचं आणि त्यातल्या कोणत्या रकमेवर प्रश्न विचारायचे ते बघू.